वसुलीचा आकडा आणि त्यामागचा हिशेब

मार्च सरला की बीड, माजलगाव, गेवराई परिसरातील कंपन्यांमध्ये नोकरी करणाऱ्या तरुणांपुढे स्वमूल्यमापनाचा अर्ज येतो. सरकी तेल व पेंड विकणाऱ्या एखाद्या मध्यम कंपनीतील हिशेबनीसाचे उदाहरण घेऊ. ‘उधारीची वसुली मन लावून केली’ असे तो लिहितो. वाक्य खरे असले, तरी त्यावरून मालकाला काही मोजता येत नाही.

आता आकडे पाहू. 2023-24 मध्ये विक्री 24 कोटींची आणि बाजारातील येणे सरासरी 4 कोटी, म्हणजे दोन महिन्यांची विक्री अडकलेली. 2024-25 मध्ये विक्री 30 कोटी आणि येणे सरासरी पावणेचार कोटी, म्हणजे दीड महिन्याची. जुन्याच गतीने येणे पाच कोटी झाले असते. सव्वा कोटी रुपये मोकळे झाले. बँकेच्या कॅश क्रेडिटचा दर दहा टक्के धरल्यास व्याजाची वार्षिक बचत साडेबारा लाख होते.

ही सरासरी बाराही महिनाअखेरच्या शिलकांची असावी. केवळ 31 मार्चची शिलक घेतली, तर वर्षअखेरीस ताणून केलेली वसुली चित्र खोटे करते. एप्रिलची यादी काढताच ते उघड होते.

याहून मोठा दोष बुडीत रकमेचा. ऑक्टोबरमध्ये 20 लाखांचे एक खाते बुडीत म्हणून निर्लेखित झाले असेल, तर ऑक्टोबर ते मार्च या सहा महिनाअखेरींना येणे तेवढ्याने कमी दिसते आणि वर्षाची सरासरी 10 लाखांनी उतरते. ती वसुली नव्हे. ते 10 लाख परत मिळवल्यावर मोकळी झालेली रक्कम 1 कोटी 15 लाख आणि बचत साडेअकरा लाख उरते. अर्जात हाच आकडा लिहावा आणि वजावटही नमूद करावी. लेखापरीक्षकाने ती दाखवून देण्यापेक्षा स्वतः सांगितलेली बरी.

शेवटी, श्रेय कोणाचे? पंचेचाळीस दिवसांपुढील थकबाकीदाराचा माल रोखण्याचा निर्णय संचालकांचा असेल, तर तसे लिहावे. दर महिन्याच्या पाच तारखेला प्रत्येक ग्राहकाला थकबाकीचा उतारा पाठवणे आणि माल सुटण्यापूर्वी यादी तपासणे हे काम हिशेबनीसाचे. तेवढेच त्याने आपल्या नावावर घ्यावे. सोबत टॅलीतील महिनावार येणी-यादी जोडावी.

मग अर्जातील वाक्य असे होते: ‘संचालकांच्या उधार-धोरणाची अंमलबजावणी करून सरासरी येणे दोन महिन्यांवरून सुमारे दीड महिन्यावर आणले, बुडीत खाते वगळता व्याजाची अंदाजे साडेअकरा लाखांची बचत.’ पेढीवर वाढलेल्या मालकाला हे वाक्य तपासता येते. तपासून टिकले, तर पगारवाढीची बोलणी तिथूनच सुरू होतात.