पोटफुगी आणि दूरध्वनीवरील दोन प्रश्न



माढा, कुर्डुवाडी, मोडनिंब, टेंभुर्णी या परिसरातून येथे येऊन स्थायिक झालेल्या पुष्कळ सभासदांचे वृद्ध आईवडील आजही गावीच राहतात, आणि येथील सायंकाळ ही तिकडची पहाट असल्याने त्यांच्या दुखण्याची पहिली इत्तला आपणांस बहुधा दूरध्वनीवरच मिळते. ‘पोट जरा फुगलंय, गॅस झाला असेल’ एवढ्या सौम्य शब्दांत कळवली जाणारी एक व्याधी मात्र अशी आहे, की तिच्या बाबतीत एका रात्रीची दिरंगाईही प्राणांवर बेतू शकते. ती म्हणजे आतड्याचा अवरोध.

केवळ विवेचनासाठी एक उदाहरण घेऊ. माढ्यात राहणाऱ्या, पंचाहत्तरी उलटलेल्या एका आईंच्या पोटात सकाळी कळ येऊ लागली. ती काही मिनिटे चढे, ओसरे आणि पुन्हा येई. दुपारी उलट्या सुरू झाल्या, प्रथम अन्नाच्या आणि मग हिरवट पित्ताच्या. रात्रीपर्यंत पोट ताणले. शेजारणीने दिलेले ओवा-हिंगाचे पाणीही उलटून पडले. परंतु दुपारी एकदा थोडी शौचास झाली असल्यामुळे मार्ग मोकळा आहे असा सर्वांनी समज करून घेतला. हा समज फसवा आहे, कारण अडथळ्याच्या खालच्या भागात आधीच साठलेला मळ अवरोध झाल्यानंतरही बाहेर पडू शकतो. म्हणून दूरध्वनीवरचा पहिला प्रश्न असा असावा: ‘आई, सकाळपासून वारा सरला का?’ पोट फुगलेले, उलट्या चालू आणि वारा बंद, ही तीन लक्षणे एकत्र आली की त्यास अपचन म्हणू नये.

दुसरा प्रश्न संकोचाचा आहे, आणि म्हणूनच तो विचारला जात नाही: ‘जांघेत कुठे गाठ लागते का?’ वृद्ध स्त्रियांत जांघेच्या घडीखाली, मांडीच्या वरच्या टोकाशी असलेल्या अरुंद वाटेतून आतड्याचा वेढा बाहेर येऊन अडकतो. हा अंतर्गळाचाच एक प्रकार. गाठ कधी सुपारीएवढीच असते, फारशी दुखतही नाही, आणि लुगड्याआड ती वर्षानुवर्षे कोणास न सांगता राहते. पोट वरवर चाचपून पाहणाऱ्यास ती सापडत नाही, आणि तोवर आत अडकलेल्या आतड्याचा रक्तपुरवठा तुटत जातो. थांबून थांबून येणारी कळ अखंड झाली, नाडी जलद झाली किंवा गाठीवरची त्वचा लालसर दिसली, तर आतडे मरू लागल्याचा संशय घ्यावा. उतारवयात ताप मुळीच न येताही हे घडते. गाठ नसेल, तर पूर्वीच्या शस्त्रक्रियेने आत जडलेले चिकटे, मोठ्या आतड्यातील अर्बुद किंवा दीर्घ बद्धकोष्ठ असणाऱ्यांच्या आतड्यास पडलेला पीळ, ही कारणे संभवतात. म्हणून पोटावरील जुन्या व्रणाची माहिती वैद्यांस अवश्य द्यावी.

लाळ, जठररस, पित्त आदी मिळून दररोज कित्येक लिटर द्रव आतड्यात उतरतो आणि एरवी तो पुन्हा शरीरात शोषला जातो. मार्ग बंद झाला की तो तेथेच साठतो. बाहेरून पोट फुगलेले दिसते, पण रक्तातील पाणी आटत जाते, लघवी कमी होते आणि मूत्रपिंडे धोक्यात येतात. यास्तव एरंडेल किंवा रेचक देऊ नये, कारण बंद वाटेवर तो अधिकच जोर लावतो. तोंडाने अन्न देऊ नये, पाणीही नको. गाठ दाबून आत ढकलू नये. आडवे निजवावयाचे झाल्यास कुशीवर निजवावे, म्हणजे उलटी श्वासमार्गात जाणार नाही. उपाशीपोटी मधुमेहाची नेहमीची मात्राही वैद्यांस विचारल्याविना देऊ नये.

१०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. जवळच्या रुग्णालयात शिरेतून सलाईन आणि नाकातून जठरात नळी एवढी तजवीज झाली, तरी तेथेच रात्र काढू नये. शल्यचिकित्सक, सीटी स्कॅन व भूलतज्ज्ञ जेथे एकत्र आहेत तेथे, म्हणजे बार्शी किंवा सोलापूरकडे, तातडीने न्यावे. सोलापुरात वैशंपायन शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न सर्वोपचार रुग्णालय आहे. प्रत्येक अवरोधावर शस्त्रक्रियाच लागते असे नाही. चिकट्यांचा अवरोध नळी व सलाईनवर दोन-तीन दिवसांत पुष्कळदा सुटतो. परंतु थांबावयाचे की उदर उघडावयाचे, हा निर्णय शल्यचिकित्सकाच्या नजरेखाली व्हावा, घरच्या खाटेवर नव्हे.

सभासदांस विनंती अशी, की पूर्वीच्या शस्त्रक्रिया, चालू औषधे, विशेषतः रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, यांचा एक कागद आईवडिलांच्या घरी दर्शनी ठेवावा, आणि रात्री-अपरात्री सोबत जाऊन संमतिपत्रावर सही करील असा आप्त आजच ठरवून त्यास तसे सांगून ठेवावे. आणि पुढच्या दूरध्वनीवर, आई सुखरूप असतानाच, गाठीचा प्रश्न विचारावा. कारण न अडकलेल्या अंतर्गळाची शस्त्रक्रिया आगाऊ दिवस ठरवून, स्वस्थ चित्ताने करून घेता येते.

— संपादक