रणगाडा नको, तो काय करतो ते आधी समजून घ्या

गडचिरोलीत स्फोट झाला की दुसऱ्या दिवशी आपल्याकडे एक ओळ हमखास फिरते: "पोलिसांना रणगाडे द्या, एकदाच काय तो सोक्षमोक्ष लावा." जवान गेल्याचा राग खरा असतो, पण मागणी चुकीच्या गाडीची असते. चुकीच्या गाडीची मागणी झाली की जे खरंच मागायला हवं, ते मागायचं राहून जातं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पट्ट्यांवर चालते आणि वर बुरुजात तोफ आहे, म्हणजे रणगाडा, असं आपण सरसकट धरतो. परेडचे फोटो टाकतानाही तेच होतं. प्रत्यक्षात अशा गाड्यांची तीन वेगवेगळी कामं आहेत. त्यातल्या एका गाडीशी तर आपल्या नागपूरचं थेट नातं आहे, कारण ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं केंद्र आपल्या कामठीत आहे. या रेजिमेंटच्या कितीतरी पलटणी यांत्रिक पायदळाच्या आहेत आणि त्यांची गाडी म्हणजे बीएमपी-२. भारतात तिला 'सारथ' म्हणतात. ती तेलंगणातल्या मेदकच्या कारखान्यात बनते.

आता बीएमपी-२ आणि टी-७२ रणगाडा शेजारी ठेवून बघा. टी-७२ चं वजन साधारण ४१ टन, आत माणसं फक्त ३, आणि तोफ १२५ मिलिमीटरची. बीएमपीचं वजन १४ टनांच्या आसपास, आत माणसं १०: तिघं गाडीचे आणि सात पायदळाचे. तोफ ३० मिलिमीटरची, सोबत रणगाड्यावर डागायचं क्षेपणास्त्र. म्हणजे एक तृतीयांश वजनात तिप्पट माणसं.

सगळी गोम इथंच आहे. पोलाद तेवढंच असेल आणि खोका मोठा असेल, तर पत्रा पातळच होणार. रणगाड्यात तीनच माणसांची छोटी जागा झाकायची असते, म्हणून समोरच्या बाजूला दोनशे मिलिमीटरच्या आसपास जाडीचं थरांचं चिलखत देता येतं. बीएमपीच्या बाजूचा पत्रा दोन सेंटिमीटरही नसतो. तो रायफलीची गोळी आणि तोफगोळ्याचे छर्रे अडवतो. रणगाड्याचा गोळा किंवा खांद्यावरून डागलेलं रॉकेट अडवणं त्याचं कामच नाही.

मग एवढ्या पातळ गाडीत बसायचंच कशाला? कारण रणगाडा एकटा आंधळा असतो. १९९४ च्या शेवटच्या दिवशी रशियाच्या मायकोप ब्रिगेडचे रणगाडे आणि बीएमपी ग्रोझ्नी शहरात शिरले, पण गाड्यांभोवती पुरेसं पायदळ उतरलेलं नव्हतं. चेचेन लढवय्यांनी तळघरांतून आणि गच्च्यांवरून रॉकेटं डागली. तिथपर्यंत रणगाड्याची तोफ ना खाली झुकते ना वर उचलते. ब्रिगेडच्या बहुतेक गाड्या तिथंच जळाल्या. इमारती, ओढे, झाडी तपासणारी माणसं लागतातच. ती माणसं रणगाड्याच्या वेगानं, गोळ्यांपासून आडोसा देत, मैदानात पोचवणं हे बीएमपीचं काम. आणि ती उतरल्यावर मागून ३० मिलिमीटरच्या तोफेनं त्यांना साथ देणं हेही तिचंच. शिवाय ती पाण्यात तरंगते, पट्टे फिरवत नदी पार करते. ४१ टनांच्या रणगाड्याला ते जमत नाही.

तिसरा प्रकार एपीसी, म्हणजे निव्वळ सैनिक वाहून नेणारी चिलखती गाडी. पाकिस्तानकडची एम-११३ हे तिचं ठळक उदाहरण. वर फार तर एक मशीनगन. माणसं सुरक्षित अंतरावर उतरवायची आणि मागे व्हायचं. ती लढाईतली टॅक्सी आहे. बीएमपी माणसं उतरवून स्वतःही लढायला थांबते. एवढाच फरक, पण मोठा.

आता गडचिरोलीकडे येऊ. १ मे २०१९, महाराष्ट्र दिन. आदल्या रात्री कुरखेडा तालुक्यात नक्षल्यांनी रस्त्याच्या कामावरची वाहनं जाळली. तिकडे निघालेल्या शीघ्र कृती पथकाची गाडी जांभुळखेड्याजवळ भूसुरुंगानं उडवली. १५ पोलीस आणि चालक गेले. ती गाडी साधी, खाजगी होती.

इथं रणगाडा असता तर? रणगाड्याचं जाड चिलखत समोर असतं, कारण त्याचा शत्रू समोरून गोळा मारतो. पोट तुलनेनं पातळ असतं. आणि जंगलातला सुरुंग नेमका पोटाखालून येतो. बीएमपीचं तर विचारूच नका: तळ सपाट आणि पातळ, स्फोटाचा सगळा दाब वर बसलेल्या माणसांना. शिवाय १२५ मिलिमीटरची तोफ मारायची कुणावर? समोर गावं आहेत, आपलीच माणसं आहेत.

या कामासाठी बनलेली गाडी वेगळी आहे: सुरुंगरोधक वाहन, पोलिसांच्या भाषेत एमपीव्ही. तिचं पोट इंग्रजी व्ही अक्षरासारखं निमुळतं असतं, म्हणजे स्फोटाचा झोत दोन्ही बाजूंनी निसटतो. ती जमिनीपासून उंच असते. चाक उडालं तरी चालेल, खोका फुटता कामा नये, असा हिशेब. आतल्या खुर्च्या तळावर टेकवत नाहीत, म्हणजे हादरा थेट पाठीच्या कण्यात जात नाही. पट्टा बांधलेला नसेल तर मात्र माणूस छतावर आपटतो, आणि गाडी शाबूत असूनही जीव जातो.

पण हीसुद्धा जादूची गाडी नाही. अशा वाहनांसाठी नाटोच्या मानकातली सुरुंगाची सगळ्यात वरची पातळी १० किलो टीएनटीची आहे. नक्षली मोरीखाली किंवा डांबराखाली बोगदा करून याच्या कितीतरी पट स्फोटकं भरतात. मार्च २०१८ मध्ये छत्तीसगडच्या किस्टारामजवळ सीआरपीएफचे ९ जवान गेले, ते सुरुंगरोधक वाहनातच होते. गाडी जितकी जाड, तितका सुरुंग मोठा. ही शर्यत पोलादानं जिंकता येत नाही.

ती जिंकायची तर रस्ता आधी पायी तपासावा लागतो: मोऱ्या, नव्यानं उकरलेली माती, झाडीकडे गेलेली वायर. जाण्याची वेळ आणि वाट रोज बदलावी लागते. घाईत, चिथावणीवर निघायचं नसतं; जाळलेली वाहनं हे बहुतेकदा आमिषच असतं. जिथं शक्य तिथं गाडी सोडून पायी जायचं.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. रणगाडे मागू नका. आपल्या आमदार-खासदारांना चारच प्रश्न विचारा: कुठल्या ठाण्यात किती सुरुंगरोधक वाहनं आहेत? त्यातली चालू स्थितीत किती? पथकं अजूनही साध्या, भाड्याच्या गाड्यांत बसून निघतात का? आणि निघण्याआधी रस्ता तपासायला पुरेशी माणसं आणि वेळ दिला जातो का?

या चार उत्तरांवर पोलिसांचे जीव अवलंबून आहेत. रणगाड्याची मागणी करून आपण सरकारला या चारही प्रश्नांतून सोडवतो.