त्रास झाला तर या

आमच्या भागातल्या एका खाजगी दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड माझ्यासमोर आहे. ऑगस्ट २०१९ चं. माळशिरस तालुक्यातले एक शेतकरी, वय चोपन्न, दारूमुळे सिऱ्हॉसिस, पोटात पाणी. पाणी काढलं, औषधं दिली, पाच दिवसांनी घरी सोडलं. कार्डावर खाली सल्ला लिहिलाय: दारू बंद, मीठ कमी. आणि शेवटी: फॉलोअप एसओएस. म्हणजे गरज पडली तर या, त्रास झाला तर या.

माझं भांडण या तीन अक्षरांशी आहे. मी रेडिओलॉजिस्ट आहे, दिवसभर लोकांच्या पोटावर प्रोब फिरवतो, त्यामुळे हे भांडण पुढे माझ्यापर्यंतही येऊन पोचतं. त्यांची ओळख पटू नये म्हणून मी काही तपशील बदलले आहेत. त्यांना मी नुसतं काका म्हणतो.

काकांनी दारू खरोखर सोडली. हे मुद्दाम सांगतोय, कारण ‘दारुड्याचं काय, तो थोडाच ऐकणार’ हे वाक्य आम्ही डॉक्टर लोक फार सोयीस्करपणे वापरतो. काकांनी ऐकलं. पायाची सूज गेली, पोट उतरलं, उसाच्या पाण्याच्या पाळ्या पुन्हा सुरू झाल्या. त्यांना वाटलं लिव्हर सुधारलं. तसं ते कोणीही समजेल. पण सिऱ्हॉसिस म्हणजे लिव्हरभर पडलेले व्रण आणि त्या व्रणांच्या मध्ये नव्याने वाढणाऱ्या पेशींच्या गाठी. दारू थांबली की नुकसान थांबतं, काही प्रमाणात भरूनही येतं, पण त्या गाठींपैकी एखादी कर्करोगाकडे वळण्याचा धोका कायम राहतो. हेपटायटिस सी औषधांनी पूर्ण गेला तरी सिऱ्हॉसिस झालेल्या माणसाचा धोका उरतोच. २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात ही औषधं फुकट मिळतात, ही मोठी गोष्ट आहे. पण ‘व्हायरस गेला’ असा रिपोर्ट हातात पडला की पेशंट आणि डॉक्टर दोघेही फाइल बंद करतात, असं मी वारंवार पाहिलंय.

आता एसओएस का चुकतं ते बघा. लिव्हरच्या आत दुखण्याची जाणीव नसते. दुखतं ते वरचं आवरण ताणलं गेलं तर. दोन सेंटिमीटरची गाठ आत बसली असेल तर माणूस सायकल चालवतो, जेवतो, लग्नाला जातो. त्रास होतो तेव्हा गाठ मोठी झालेली असते किंवा पोर्टल व्हेनमध्ये शिरलेली असते. म्हणजे ‘त्रास झाला तर या’ याचा सरळ अर्थ ‘उशीर झाला की या’ असा होतो. म्हणून जगभरची मार्गदर्शक तत्त्वं एकच साधी गोष्ट सांगतात: सिऱ्हॉसिस असेल तर दर सहा महिन्यांनी लिव्हरची सोनोग्राफी, आणि त्यातली बरीच जोडीला रक्तातलं एएफपी, म्हणजे अल्फा फीटोप्रोटीन, करायला सांगतात. काहीही होत नसताना.

काका डिसेंबर २०२२ मध्ये माझ्याकडे आले. उजवीकडे बरगडीखाली दुखत होतं, वजन उतरलं होतं. गाठ आठ सेंटिमीटरची होती आणि पोर्टल व्हेनच्या फांदीत पोचली होती. तिथून पुढे ना ऑपरेशन, ना गाठ जाळणं, ना प्रत्यारोपण. चार महिन्यांत ते गेले.

त्यानंतर मी मागचं गणित मांडलं. या गाठी आकारमानाने दुप्पट व्हायला साधारण चार ते सहा महिने घेतात. कमीजास्त होतं, पण अंदाजाला पुरे. गोल गाठीचा व्यास दुप्पट व्हायचा तर आकारमान आठपट व्हावं लागतं, म्हणजे तीन वेळा दुप्पट. दोन सेंटिमीटरची आठ व्हायला सहा वेळा. दर वेळेला पाच महिने धरले तर तीस महिने. म्हणजे काकांची गाठ २०२० च्या मध्याला दोन सेंटिमीटरची असावी. तिथून डिसेंबर २०२२ पर्यंत, सहा महिन्यांचा नियम पाळला असता, तर निदान चार वेळा ती कोणाच्या तरी प्रोबखाली आली असती.

आता माझ्या वाट्याची गोष्ट. फेब्रुवारी २०२१ मध्ये काका माझ्याच सेंटरला येऊन गेले होते. मुतखड्याची कळ. चिठ्ठीवर फक्त किडनी आणि मूत्राशयाची सोनोग्राफी लिहिलेली. मी खडा शोधला, मोजला, रिपोर्ट दिला. उजवी किडनी आम्ही लिव्हरमधूनच पाहतो, लिव्हर ही तिची खिडकी आहे. त्या दिवशी, माझ्या गणिताप्रमाणे, गाठ तीन सेंटिमीटरच्या आसपास होती, आणि मी खिडकीच्या काचेतून आरपार बघत बसलो, काचेकडे पाहिलं नाही. ‘तुम्हाला पूर्वी लिव्हरचं काही होतं का’ एवढं विचारलं असतं तर ते बोलले असते. विचारलं नाही, कारण बाहेर रांग होती. तीन सेंटिमीटरची एकटी गाठ, दारू सुटलेली, पोटात पाणी नाही: अशा माणसाची गाठ सुईने जाळता येते, तेही बरं होण्याच्या उद्देशाने.

मधल्या काळात काकांनी आणखी एक तपासणी केली होती. २०२२ च्या उन्हाळ्यात एका आरोग्य शिबिरात ‘कॅन्सर मार्कर’चं पॅकेज होतं, त्यात एएफपी चौदा आलं. शेजारी छापलं होतं ‘नॉर्मल’. तेव्हा गाठ जवळपास सहा सेंटिमीटरची असणार. एएफपी हा असाच बेभरवशाचा साक्षीदार आहे. बऱ्याच गाठी तो पदार्थ सोडतच नाहीत, आणि कावीळ किंवा हेपटायटिस उसळला तर गाठ नसतानाही आकडा चढतो. एकट्या एएफपीवर ‘कॅन्सर नाही’ असं सांगणारं शिबिर हे मला काहीच न करण्यापेक्षा वाईट वाटतं, कारण ते माणसाला निर्धास्त करून घरी पाठवतं.

मग एएफपी करायचंच कशाला? कारण सोनोग्राफीही काही साधूसंत नाही. २०१८ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला हिशेब असा आहे की सिऱ्हॉसिसमध्ये सुरुवातीच्या टप्प्यातली गाठ एकट्या सोनोग्राफीला शंभरातली पंचेचाळीस वेळा सापडते, आणि जोडीला एएफपी घेतलं तर त्रेसष्ट वेळा. म्हणजे दोघं मिळूनही तिसऱ्या हिश्शाहून अधिक गाठी निसटतात. सिऱ्हॉसिसचं लिव्हर मुळातच खडबडीत असतं. त्यात लहान गाठ शोधणं म्हणजे शेंगदाण्याच्या पोत्यात हरभरा शोधणं. म्हणून ती तपासणी घाईची नसते. पेशंट सहा तास उपाशी हवा. पाठीवर आणि डाव्या कुशीवर, दोन्हीकडे बघायचं, खोल श्वास घ्यायला लावायचा, बरगड्यांच्या फटींतून छातीच्या पडद्याखालचा घुमट बघायचा, कारण गाठी तिथे दडतात. पोर्टल व्हेन बघायची. मागचा रिपोर्ट शेजारी ठेवायचा. आणि शेवटी प्रामाणिकपणे लिहायचं की लिव्हर नीट दिसलं, काही भाग झाकलेला होता, की बरंचसं दिसलंच नाही. हे शेवटचं वाक्य आमच्यापैकी फार थोडे लिहितात. लठ्ठ माणसाचं निम्मं लिव्हर दिसलेलं नसताना ‘गाठ आढळली नाही’ लिहिणं हे वाचणाऱ्याला फसवणं आहे. अशा माणसाला सीटी किंवा एमआरआय लागतो, आणि ते सांगायची जबाबदारी आमची आहे.

पुढच्या पायऱ्या किचकट नाहीत. एक सेंटिमीटरपेक्षा लहान काही दिसलं तर तीन ते सहा महिन्यांत परत सोनोग्राफी. एक किंवा त्याहून मोठं दिसलं, किंवा एएफपी वीसच्या पुढे गेलं किंवा चढत निघालं, तर तीन टप्प्यांत रंग सोडून केलेला सीटी किंवा एमआरआय. कर्करोगाची गाठ पहिल्या टप्प्यात उजळते आणि नंतर विझते. सिऱ्हॉसिसच्या पेशंटमध्ये ही खूण नीट दिसली तर बहुतेक वेळा सुई घालून तुकडाही काढावा लागत नाही.

यावर आमच्यातले काही अभ्यासू मित्र म्हणतात, पुरावा कुठे आहे? प्रश्न रास्त आहे. शांघायमध्ये हेपटायटिस बी असलेल्या सुमारे १९ हजार लोकांवर चिठ्ठ्या टाकून प्रयोग झाला, २००४ मध्ये तो प्रसिद्ध झाला. सहामाही तपासणीच्या गटात लिव्हर कॅन्सरचे मृत्यू ३७ टक्क्यांनी कमी निघाले, तेही निम्म्याहून थोडेच अधिक लोक वेळेवर आलेले असताना. पण ते सगळे सिऱ्हॉसिसचे नव्हते, आणि त्या प्रयोगाच्या पद्धतीवर टीकाही झाली आहे. फक्त सिऱ्हॉसिसवर तसा प्रयोग करायला ऑस्ट्रेलियात गेले, तर पेशंटच म्हणाले, आम्हाला तपासणी न करणाऱ्या गटात जायचं नाही. तेव्हा पुरावा लोखंडी नाही, हे मी कबूल करतो. उलट बाजूला फ्रान्समध्ये तीन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी अशी तुलना झाली, तीनचा जास्तीचा फायदा दिसला नाही. तपासणीचं नुकसानही असतं: खोटी शंका, जास्तीचा सीटी, चार रात्रींची झोप. आणि ज्याचं लिव्हर पूर्ण थकलंय आणि प्रत्यारोपण शक्य नाही, त्याला गाठ सापडून उपयोग नाही, त्याला या चक्रात घालू नये. पण काका त्यातले नव्हते.

दुसरा आक्षेप पैशाचा आणि अंतराचा. आमच्याकडे दोन्ही तपासण्या मिळून दोनेक हजारांत होतात, वर्षाला चार. अकलूजला सोनोग्राफी मिळते. सोलापूर शंभर किलोमीटरच्या पुढे आहे, पण तिथे जायची वेळ गाठ दिसल्यावरच येते. महात्मा फुले योजना प्रामुख्याने भरती झालेल्या माणसाच्या उपचाराची आहे. गाठ सापडल्यावर तिचा आधार आहे, शोधायला नाही. सरकार तोंडाचा, स्तनाचा, गर्भाशयमुखाचा कर्करोग तपासतं, आशाताई त्यासाठी घरोघर जातात. मी सगळ्या गावाची सोनोग्राफी मागत नाही. ज्यांचं निदान आधीच झालंय, ज्यांची नावं दवाखान्यांच्या कागदांवर आहेत, त्यांची यादी मागतोय.

आणि यादी ठेवायला जमत नाही, हे आम्ही सोनोग्राफीवाल्यांनी तरी म्हणू नये. गर्भलिंगनिदानाच्या कायद्यामुळे आम्ही प्रत्येक गरोदर बाईचा एफ फॉर्म भरतो, महिन्याचा अहवाल पुढच्या महिन्याच्या पाच तारखेपर्यंत देतो, दोन वर्षं कागद जपतो. मशीन सील होईल या भीतीने एक रकाना रिकामा सोडत नाही. ती शिस्त आमच्या हाताला आहे. सिऱ्हॉसिसच्या वहीत मात्र मशीन सील करणारं कोणी नाही, म्हणून ती वही नाही.

मी एक ठेवली आहे, साधी दोनशे पानी. सहा महिन्यांची तारीख लोकांच्या लक्षात राहत नाही, म्हणून आषाढी आणि माघी सांगतो. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी नातेपुते, माळशिरस, वेळापूर करत आमच्या दारावरून जाते, ती विसरणं शक्य नाही. आषाढ ते माघ सात महिने, माघ ते आषाढ पाच. पुस्तकातले सहा नाहीत, पण गाठ काही पंचांग बघून वाढत नाही. एसओएसपेक्षा पुष्कळ बरं.

आषाढीला बरेच येतात. माघीला ऊसतोड जोरात असते. परवा वहीतल्या एकांच्या घरी फोन केला, त्यांच्या मंडळींनी उचलला.

“त्यांना काय होत नाही ओ डॉक्टर. चांगले हिंडत्यात, फिरत्यात.”

“म्हणूनच बोलावतोय, ताई.”

“ऊस गेला की लावून देते मग.”

मी वहीत तारखेपुढे लिहिलं: ऊस गेल्यावर. आणि खाली माझ्यासाठी: आठ दिवसांनी परत फोन.