उतरलेल्या बॅटरीतील आम्ल जाते कोठे?

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील आमच्या कारागीर वाचकांस एक गोष्ट निक्षून सांगणे अगत्याचे वाटते: इन्व्हर्टरच्या बॅटरीची ग्रॅव्हिटी उतरलेली दिसली म्हणून तीत वरून आम्ल ओतण्याचा प्रघात सर्वस्वी बंद झाला पाहिजे.

उतरलेल्या बॅटरीतील आम्ल नाहीसे झालेले नसते; ते प्लेटांत जाऊन बसलेले असते. वीज घेतली जात असता धन प्लेटेवरील लेड डायऑक्साइड व ऋण प्लेटेवरील सच्छिद्र शिसे या दोहोंचे लेड सल्फेट होते आणि द्रवात पाणी वाढते. १०० अँपिअर-तास वीज घेतली असता दर सेलमागे सुमारे ३६६ ग्रॅम गंधकाम्ल अशा रीतीने खर्ची पडून सव्वा किलोपेक्षा थोडे कमी सल्फेट प्लेटांवर साचते. हे सल्फेट द्रवात अत्यल्प विरघळते, परंतु त्या अत्यल्पावरच चार्जिंगची सारी भिस्त आहे. कारण विद्युत्प्रवाह विरघळलेले शिसे उचलून ऋण प्लेटेवर शिशाच्या व धन प्लेटेवर डायऑक्साइडच्या रूपाने पुन्हा बसवितो, तेथवर नवे सल्फेट विरघळते, आणि आम्ल द्रवात परत येते.

ताजे स्फटिक सूक्ष्म असल्याने त्यांचा पृष्ठभाग मोठा असतो व विरघळणे त्वरेने घडते. बॅटरी उतरलेल्या स्थितीत पडून राहिली म्हणजे मात्र लहान स्फटिक विरून मोठ्यांवर चढतात, पृष्ठभाग आटतो, आणि प्रवाहाला पुरेसे शिसे मिळेनासे होते. हेच ते हट्टी सल्फेशन होय.

समजा, १५० अँपिअर-तासांच्या दोन बॅटऱ्या दुकानी आल्या, दोहोंची ग्रॅव्हिटी १.१५०, एक मुसळधार पावसात वीज गेल्याने परवा उतरलेली, दुसरी बंद घरात दोन महिने तशीच राहिलेली. हायड्रोमीटर त्यांत भेद करीत नाही. १५ अँपिअर लावले असता पहिलीचा दाब कित्येक तास हळूहळू चढतो. दुसरीचा अल्पावधीतच १५ व्होल्टांपलीकडे जाऊन बुडबुडे सुटतात, म्हणजे वीज सल्फेट परतविण्याऐवजी पाणी फोडण्यात जाते. आरंभी ग्रॅव्हिटी पहिलीचीही चढत नाही, कारण परतलेले जड आम्ल तळाशी बसते. तेव्हा त्या वेळी प्रमाण मानावयाचे ते व्होल्टमीटरास.

दुसरीस तीन-चार अँपिअरवर आणून एक-दोन दिवस, गरजेनुरूप अधिक, चार्ज करावे, तापमान ४५ अंशांवर जाऊ लागताच थांबावे, आणि तासातासाने घेतलेली ग्रॅव्हिटीची तीन वाचने स्थिर आली म्हणजेच काम पुरे समजावे. गळून तळाशी पडलेले सल्फेट परतत नाही, म्हणून पूर्वीची क्षमता पूर्ण मिळेलच असे ग्राहकास सांगू नये.

अशा बॅटरीत आधीच आम्ल ओतून १.२४० करून ठेवले, तर चार्जिंगनंतर प्लेटांतील आम्ल त्यात मिसळून द्रव मर्यादेपेक्षा तीव्र होतो आणि जाळ्या खातो. चार्जिंगपूर्वी प्लेटा बुडतील एवढेच डिस्टिल्ड वॉटर घालावे. खुणेपर्यंतची भर चार्जिंग पूर्ण झाल्यावर.