०.८६ गुण मिळवणारा खोटा सारांश

डिसेंबर २०२४ मध्ये काही आयफोनवर बीबीसीच्या नावाने एक नोटिफिकेशन झळकलं: अमेरिकेतल्या एका गाजलेल्या खून प्रकरणातल्या आरोपीने स्वतःला गोळी मारून घेतली. बीबीसीने असं काही छापलंच नव्हतं. ते वाक्य फोनमधल्या सारांश करणाऱ्या एआयने तयार केलं होतं. बीबीसीने तक्रार केली आणि जानेवारी २०२५ मध्ये ॲपलने बातम्यांपुरती ही सोय थांबवली.

असं होतं कसं? एन्कोडर-डिकोडर ही सारांशाची जुनी रचना घेऊ. ॲपलच्या मॉडेलची रचना वेगळी आहे, पण दुखणं तेच. एन्कोडर आख्खी बातमी वाचून तिचे आकडे बनवतो. डिकोडर त्या आकड्यांकडे आणि स्वतः आत्तापर्यंत लिहिलेल्या शब्दांकडे बघत पुढचा शब्द निवडतो. निवडताना शोभेल असा शब्द येतो. तो खरा आहे का, हे तपासणारं आत कुणीच नसतं.

मग सारांश चांगला की वाईट हे ठरवायला रूज (ROUGE) हा स्कोअर वापरतात. माणसाने लिहिलेल्या सारांशातले किती शब्द मशीनच्या सारांशात आले, एवढंच तो मोजतो. समजा, माणसाने लिहिलं: ‘मुसळधार पावसामुळे पुण्यातील शाळा उद्या बंद राहणार’. मशीनने लिहिलं: ‘मुसळधार पावसामुळे पुण्यातील शाळा उद्या सुरू राहणार’. सातपैकी सहा शब्द जुळले, म्हणजे ROUGE-1 आला ०.८६. दुसऱ्या मशीनने लिहिलं: ‘जोरदार पाऊस, उद्या पुण्यात शाळांना सुट्टी’. अगदी बरोबर! पण जुळला फक्त ‘उद्या’, म्हणून स्कोअर ०.१४. ‘पुण्यात’ आणि ‘पुण्यातील’ हे रूजसाठी दोन वेगळे शब्द. मराठीत प्रत्यय शब्दालाच चिकटतात, त्यामुळे हा मार आपल्याला जास्त बसतो.

आणखी एक गंमत (खरं तर डोकेदुखी) आहे. `rouge_score` हे पायथन पॅकेज आहे तसं वापरलं, तर ते a-z आणि 0-9 सोडून बाकी सगळं पुसून टाकतं. त्यामुळे दोन तंतोतंत सारख्या मराठी वाक्यांनाही शून्य मिळतो. मराठीसाठी टोकनायझर आपला आपण द्यावा लागतो.

म्हणून शेवटी माणसानेच वाचावं लागतं, पण ‘छान वाटतंय’ असं वरवर नाही. स्कोअर झाकून ठेवायचा आणि आधी मूळ बातमी वाचायची. मग सारांशातला एकेक दावा सुटा करायचा: कोणी, काय, कधी, किती. प्रत्येक दाव्याला आधार देणारं वाक्य बातमीत बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे. नाव, आकडा आणि ‘नाही’ या तीन जागांवर जास्त थांबायचं, कारण तिथे एक शब्द बदलला तरी अर्थ उलटतो आणि वाक्य मात्र गुळगुळीतच राहतं. दोघांनी वेगवेगळं वाचायचं आणि जिथे मतं जुळत नाहीत, तिथे मूळ बातमी पुन्हा उघडायची.