इसबगोल घेतला आणि पोट फुगले

“शौचाला साफ होत नाही म्हणून इसबगोल आणला, तर तिसऱ्याच दिवशी पोट ढोलासारखे झाले. हे औषध आम्हाला सोसत नाही काय?” अशी तक्रार पुष्कळ घरांतून ऐकू येते. सोसत नाही असे लगेच ठरवू नये. आधी इसबगोल पोटात जाऊन काय करतो ते पाहू.

इसबगोल हे उत्तर गुजरात आणि राजस्थानकडचे रब्बीचे पीक. त्याच्या बारीक बियांवरची पातळ साल, म्हणजे भुशी, आपण औषध म्हणून घेतो. एक लहान चमचा भुशी पेलाभर पाण्यात टाकून पंधरा मिनिटे ठेवून पाहा. पाण्याचा बुळबुळीत, दाटसर गोळा होतो. पोटातही हेच घडते. गव्हाचा कोंडा पाण्यात विरघळत नाही, त्याचा असा चीकही होत नाही. इसबगोलाचा चोथा मात्र पाणी धरून ठेवतो. अशा चोथ्याला विद्राव्य चोथा म्हणतात.

मोठ्या आतड्याचे एक काम मळातले पाणी शोषून घेण्याचे. मळ तेथे जास्त दिवस पडून राहिला की सुकून खडा होतो. इसबगोलाचा चीक आपले पाणी सहजासहजी सोडत नाही, म्हणून मळ मऊ राहतो आणि पुढे सरकतो. पातळ जुलाबात हाच चीक मोकळे पाणी धरतो आणि मळ बांधला जातो. एकच वस्तू बद्धकोष्ठातही चालते आणि जुलाबातही, त्याचे इंगित हे आहे.

आता पोट का फुगते? इसबगोल आंबून वायू होतो, असे बहुतेकांना वाटते. परंतु आतड्यातले जंतू इसबगोल फार थोडा आणि सावकाश आंबवतात. हरभरा, वाटाणा किंवा कांद्यातला चोथा ते झपाट्याने आंबवतात. 1996 साली अमेरिकेत निरोगी माणसांना इसबगोल देऊन पाहिले, तेव्हा वायू सरण्याचे प्रमाण वाढले नाही, तरी पोट फुगल्यासारखे मात्र त्यांना वाटले. म्हणजे ती फुगवटी मुख्यतः वायूची नसून पाणी पिऊन फुगलेल्या चोथ्याची असते. त्यात पुढे जुना खडा अडकलेला असेल, तर मागून आलेला हा ऐवज आणि नेहमीचा वायू, दोन्ही तुंबतात. पाटात माती साचलेली असताना वरून जोराने पाणी सोडावे, तसा हा प्रकार.

एक उदाहरण घेऊ. घरातले आजोबा चार-चार दिवस शौचाला जात नाहीत. कोणी सांगितले म्हणून ते रात्री दोन मोठे चमचे शीग लावून, अर्धा कप दुधात घेऊन झोपतात. पाणी कमी, मात्रा भारी, आणि आत मळ साचलेला. पोट फुगणारच. त्यांनी इसबगोल थांबवावा, जुना मळ आधी डॉक्टरांच्या सल्ल्याने मोकळा करून घ्यावा. मग अर्धा लहान चमचा भुशी पेलाभर पाण्यात ढवळून लगेच प्यावी आणि वर आणखी एक पेला पाणी घ्यावे. झोपण्याच्या तोंडावर न घेता जेवणानंतर घ्यावी. आठवडाभर हे सोसले तर एक चमचा, पुढच्या आठवड्यात गरज पडल्यास दोन. गुण यायला एक ते तीन दिवस लागतात, म्हणून रोज मात्रा वाढवू नये. सुरुवातीची फुगवटी बहुधा आठवड्या-दोन आठवड्यांत ओसरते. मात्रा वाढवली आणि पोट पुन्हा जड झाले, तर एक पायरी मागे यावे.

भुशी कोरडी कधीही फाकू नये. ती घशात किंवा अन्ननलिकेत फुगून अडकते. ज्यांना घास गिळायला त्रास होतो, त्यांनी ती घेऊच नये. हृदयविकाराच्या किंवा मूत्रपिंडाच्या रोग्यांना पाणी मोजून प्यायला सांगितलेले असते, त्यांनी डॉक्टरांना विचारावे. इतर औषधांच्या गोळ्या आणि इसबगोल यांत दोन तासांचे अंतर ठेवावे, नाही तर गोळी चिकात गुरफटते.

साधी फुगवटी आणि धोका यांतला फरकही ओळखावा. पोट जड आहे, पण वायू सरतो आणि भूक लागते, तर मात्रा कमी करून वाट पाहता येते. वायू सरणेच बंद झाले, उलट्या सुरू झाल्या, पोट ताठ होऊन कळा येऊ लागल्या, तर आतडे अडल्याची शंका घ्यावी. तेव्हा इसबगोल, एरंडेल काहीही न देता रोग्याला तडक दवाखान्यात न्यावे. मळातून रक्त पडत असेल किंवा वजन उतरत असेल, तर तपासणी करून घेतल्याशिवाय इसबगोलावर दिवस काढू नयेत.