मराठी माणसाचा फोन इंग्रजीत. मग फराळाची जाहिरात पोचते कुणापर्यंत?

दिवाळीच्या महिनाभर आधी गावोगावच्या बचत गटांच्या पोस्ट फेसबुकवर दिसायला लागतात. घरगुती फराळ, साजूक तुपातल्या करंज्या, भाजणीची चकली, खाली व्हॉट्सअ‍ॅप नंबर. कोणीतरी सांगतं की पाच हजार रुपये टाकले की पोस्ट पुण्या-मुंबईत जाते, इंदूर-बडोद्यात जाते, अगदी अमेरिकेतही जाते. पैसे टाकले जातात. लाइक येतात, ‘किती सुंदर ताई’ अशा कमेंट येतात, पण ऑर्डर चार-पाचच. फराळ चांगला असतो, जाहिरातही वाईट नसते. बहुतेक वेळा गडबड होते ती दोन खिडक्यांमध्ये, ठिकाण आणि भाषा.

‘Marathi’ निवडलं म्हणजे काय निवडलं?

पोस्टखालचं बूस्टचं बटण दाबलं की मोजकेच पर्याय दिसतात. सविस्तर पर्याय Ads Manager मध्ये असतात आणि तिथे Languages नावाची एक खिडकी आहे. तिच्यात ‘Marathi’ टाकलं की मराठी बोलणाऱ्या सगळ्यांना जाहिरात दिसेल, असा बहुतेकांचा समज असतो. पण घरात कोण कोणती भाषा बोलतं हे फेसबुकला थेट कळत नाही. त्याला मुख्यतः कळतं ते अ‍ॅप कोणत्या भाषेत चालू आहे ते.

खरी अडचण इथेच आहे. नवा फोन सुरू करताना पहिल्याच पानावर भाषा विचारली जाते आणि तिथे असलेली इंग्रजी बरेच जण तशीच ठेवतात. मग फेसबुकही इंग्रजीत चालतं. तो माणूस दिवसभर मराठी व्हिडिओ पाहील, मराठी कीबोर्डवरून मराठीत कमेंट लिहील, पण कीबोर्ड मराठी केला म्हणून फोनची भाषा मराठी होत नाही. दोन्ही सेटिंग वेगवेगळी आहेत. म्हणजे ‘Marathi’ निवडल्यावर फराळ विकत घेणारा पुण्यातला नोकरदारच यादीतून गळतो आणि उरतात ते मोजके लोक, ज्यांनी अ‍ॅपची भाषा मुद्दाम बदलून घेतली आहे.

हे तपासायला एक रुपयाही लागत नाही. Ads Manager मध्ये जाहिरात भरताना बाजूला Estimated audience size असा अंदाजाचा आकडा दिसतो. पुणे निवडा आणि भाषेची खिडकी रिकामी ठेवून आकडा बघा. मग ‘Marathi’ टाका आणि परत बघा. आकडा किती खाली येतो ते डोळ्यांनी दिसेल. त्याहून सोपी परीक्षा म्हणजे घरातले आणि शेजारचे दहा फोन हातात घ्या आणि किती फोनांत फेसबुकचा मेनू मराठीत आहे ते मोजा.

म्हणून महाराष्ट्रातल्या शहरांसाठी भाषेची खिडकी रिकामी ठेवलेलीच बरी. भाषेची चाळणी जाहिरातीतच असू द्यावी. मजकूर मराठीत, व्हिडिओतलं पहिलं वाक्य मराठीत. ज्याला कळतं तो थांबतो, ज्याला कळत नाही तो पुढे सरकतो.

इंदूर आणि बडोद्याचा वेगळा हिशोब

महाराष्ट्राबाहेर मात्र चित्र बदलतं. २०११ च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषा सांगणारे लोक कर्नाटकात सुमारे २० लाख, मध्य प्रदेशात सुमारे १२ लाख आणि गुजरातेत सुमारे ९ लाख होते. आकडे मोठे वाटतात, पण मध्य प्रदेशातले १२ लाख म्हणजे तिथल्या शंभरातले दोनसुद्धा नाहीत. होळकरांच्या इंदुरात, शिंद्यांच्या ग्वाल्हेरात, गायकवाडांच्या बडोद्यात मराठी वस्ती राज्याच्या सरासरीपेक्षा दाट आहे, तरी शहरात ती थोडीच.

शिवाय इंदूरचा हिंदी भाषकही देवनागरी वाचतो. ‘दिवाली स्पेशल’ असं काहीतरी लिहिलं तर तोही क्लिक करतो आणि पैसे गटाचे जातात. तिथे शब्दच चाळणी होतात. करंजीला हिंदीत गुजिया म्हणतात, शंकरपाळ्यांना शक्करपारे. मग जाहिरातीत ठसठशीत ‘करंजी, चिरोटे, शंकरपाळे, कडबोळी’ असंच लिहायचं आणि व्हिडिओत एखाद्या काकूंना मराठीत बोलू द्यायचं. मराठी घराला ते लगेच ओळखीचं वाटतं, बाकीचे आपोआप पुढे जातात.

बडोद्यात एक वेगळाच खड्डा आहे. गुजरातीत ‘फराळी’ म्हणजे उपवासाचं खाणं. आपल्याकडेही उपवासाला फराळ म्हणतातच. त्यामुळे गुगलवर फक्त ‘faral’ या शब्दावर जाहिरात लावली तर साबुदाण्याचा चिवडा शोधणाऱ्यांचे क्लिक यायला लागतात. गुगलच्या जाहिरातीत नको असलेले शब्द वगळायची सोय आहे, तिला Negative keywords म्हणतात. तिथे ‘farali’, ‘upvas’, ‘उपवास’ हे शब्द टाकून ठेवावेत. हवे असलेले शब्द दोन्ही लिपींत द्यावेत, ‘दिवाळी फराळ’ही आणि ‘diwali faral’ही. फोनवर शोधताना बरेच मराठी लोक इंग्रजी अक्षरांतच टाइप करतात.

अमेरिकेतल्या मुलाचा फराळ कोण घेतो?

सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते परदेशाच्या नावाखाली. गट म्हणतो, ‘आम्ही अमेरिकेला फराळ पाठवतो’ आणि जाहिरातीत ठिकाण टाकतो अमेरिका. पण तिकडे जाणारा डबा बरेचदा इथेच घेतला जातो. कोथरूडची किंवा डोंबिवलीची आई दुकानात जाते, फराळ घेते आणि न्यू जर्सीतल्या मुलाला पाठवते. पैसे देणारी व्यक्ती पुण्यात बसलेली आहे. म्हणजे ‘परदेशात फराळ पाठवा’ ही जाहिरात दाखवायची पुण्यात, ठाण्यात, डोंबिवलीत.

उलटंही होतं. दुबईतला मुलगा सांगलीतल्या आईबाबांना घरपोच फराळ पाठवू बघतो. इथे पैसे देणारा दुबईत, माल सांगलीत. ‘आईबाबांना फराळ घरपोच’ ही जाहिरात दुबईला दाखवायची आणि तिच्यात माल मिळण्याचं ठिकाण स्पष्ट लिहायचं. एकाच जाहिरातीत दोन्ही गोष्टी कोंबल्या की कुणालाच नीट कळत नाही. जाहिरात भरायच्या आधी दोन प्रश्न कागदावर लिहावेत: पैसे देणारा कुठे बसलाय? डबा कुठे जायचाय? ठिकाणाच्या खिडकीत पहिल्या प्रश्नाचं उत्तर जातं.

परदेशात भाषेची खिडकी दोन्ही बाजूंनी फसवते. न्यू जर्सीत ‘Marathi’ टाकलं तर जवळजवळ कोणी उरत नाही, रिकामी ठेवली तर सगळं न्यू जर्सी येतं. फेसबुकच्या यादीत भारतात पूर्वी राहिलेल्यांचा गट मिळाला तर तो घेता येतो, पण त्यात तमिळ, तेलुगू, गुजराती सगळेच असतात. म्हणून परदेशासाठी गुगलवरचा शोध जास्त उपयोगी. अमेरिकेत बसून जो ‘diwali faral pune’ असं टाइप करतो, त्याची भाषा आणि गरज दोन्ही त्या तीन शब्दांतच कळतात.

गुगलच्या ठिकाणात एक बारीक गोष्ट आहे. तिथे मुळातच Presence or interest हा पर्याय निवडलेला असतो. म्हणजे ठिकाण पुणे टाकलं तर पुण्यात असलेल्यांबरोबरच पुण्यात रस दाखवणाऱ्या बाहेरच्यांनाही जाहिरात दिसू शकते. फक्त पुण्यातलं गिऱ्हाईक हवं असेल तर Presence निवडावं.

आणि माल खरंच जातोय का, हे आधी बघावं. अमेरिकेने छोट्या पार्सलांवरची शुल्कमाफी काढायचं ठरवल्यावर भारतीय टपाल खात्याने २५ ऑगस्ट २०२५ पासून तिकडच्या बहुतेक टपालाची नोंदणी थांबवली होती. ती परत सुरू झाली १५ ऑक्टोबरला. लक्ष्मीपूजन होतं २१ तारखेला. त्या सप्टेंबरात टपालाच्या भरवशावर अमेरिकेची जाहिरात करणाऱ्याला ऑर्डर मिळाली असती, तरी डबा वेळेत पोचवता आला नसता.

पाच हजारांचं गणित

समजा, एका गटाकडे जाहिरातीला ५,००० रुपये आणि दहा दिवस आहेत. रोजचे झाले ५०० रुपये. दहा शहरं निवडली तर एका शहराला रोज ५० रुपये येतात. एवढ्यात कुठे काय चाललं हे कळणारच नाही. त्यातून पुणे, इंदूर आणि न्यू जर्सी एकाच संचात टाकले तर पैसे समान वाटले जात नाहीत. जिथे क्लिक स्वस्त तिथे यंत्रणा पैसे ओतते. दहाव्या दिवशी कळतं की परदेशासाठी ठेवलेले पैसे परदेशात गेलेच नाहीत.

त्यापेक्षा तीन वेगळे संच करावेत. ३,००० रुपये पुणे आणि ठाणे-डोंबिवलीला, भाषा रिकामी, मजकूर ‘परदेशातल्या मुलांना फराळ पाठवा’. १,००० रुपये इंदूरला, ठेठ मराठी शब्दांच्या व्हिडिओसह. उरलेले १,००० गुगलवर, मोजक्या शब्दांवर, वगळायचे शब्द भरून. तीन दिवसांनी Ads Manager मधल्या Breakdown मध्ये जाऊन Region बघायचं. पैसे नको त्या भागात चालले असतील तर तिथेच दिसतात. थोडी चूक धरून चालावी, कारण फेसबुक नुकताच त्या शहरात येऊन गेलेला माणूसही धरतं. पुण्याला दसऱ्याची खरेदी करून गावी परतलेल्यालाही जाहिरात दिसू शकते.

पण शेवटचा हिशोब व्हॉट्सअ‍ॅपवरच होतो. आलेल्या प्रत्येकाला पहिल्याच मेसेजमध्ये विचारायचं, ‘कुठून बोलताय आणि डबा कुठे पाठवायचाय?’ वहीत दोन रकाने करून उत्तरं लिहायची. न्यू जर्सीत रात्रीचे आठ वाजतात तेव्हा ऑक्टोबरात इकडे पहाटेचे साडेपाच असतात, म्हणजे सकाळी उठल्यावर आधी ते मेसेज बघायचे. दहा दिवसांनी त्या दोन रकान्यांत जी गावं परत परत दिसतील, तीच पुढच्या वर्षी ठिकाणाच्या खिडकीत टाकायची.